पेला जड झाला, माठ हलका झाला

कसबा पेठेत एका शाळेत सातवीला विज्ञान आणि भूगोल शिकवणाऱ्या एक शिक्षिका आमच्या जुन्या वाचक आहेत. मुली त्यांना ‘बाजी’ म्हणतात, म्हणून या लेखात आम्हीही बाजीच म्हणतो. जुलैतल्या एका रविवारी जोहरनंतर आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा बाहेर बारीक पाऊस चालू होता आणि बाजी लॅपटॉप उघडून कपाळाला हात लावून बसल्या होत्या. पडद्यावर जलचक्राची सात स्लाइडची मालिका होती. कुठूनतरी उतरवून घेतलेली, रंगीत, बाणांनी भरलेली.

“आपा, गेल्या वर्षी हीच दाखवली होती,” त्या म्हणाल्या. “समुद्रातून बाण वर गेला, ढग झाला, डोंगरावर पाऊस पडला, नदी झाली, नदी पुन्हा त्याच समुद्रात. तास छान चालला. शेवटी एक मुलगी उभी राहिली. नदीच्या अंगाला राहते. म्हणाली, बाजी, समुद्र तर कोकणात आहे, आपल्या पश्चिमेला. आपली मुठा संगमाकडे, पूर्वेला जाते. मग ती समुद्रात जाते कशी?”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“मी म्हटलं, बेटा, बस खाली, तास संपत आला. तास संपायला दहा मिनिटं होती.”

ही गोष्ट त्यांनी वर्षभर मनात ठेवली होती. या वर्षीचा तास तीन आठवड्यांवर आला होता आणि त्यांना ती मालिका पुन्हा लावायची नव्हती. आम्हाला बोलावले ते एवढ्यासाठी की, ‘कुणीतरी समोर बसून अडाण्यासारखे प्रश्न विचारायला हवे.’ ते काम आम्हाला चांगले जमते.

त्या दुपारी काय ठरले, ते इथे सविस्तर देत आहोत. आमच्या वाचकांत शिक्षक-शिक्षिका बऱ्याच आहेत, आणि ज्यांच्या घरी सातवीतले मूल आहे त्यांनाही हे स्वयंपाकघरात करून पाहता येईल.

आम्ही पहिली सूचना केली ती अशी की, चक्राचे चित्र पहिल्या स्लाइडवर नकोच. ते पाहिले की मुलांना वाटते सगळे कळले. बाष्पीभवन, सांद्रीभवन, पर्जन्य हे तीन शब्द वहीत उतरतात आणि डोक्यातली चुकीची समजूत तशीच राहते. ती समजूत कोणती, हे बाजींना पक्के ठाऊक होते. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम का येतो, असे वर्गात विचारले तर निम्मा वर्ग म्हणतो, “आतलं पाणी पाझरतं.”

यात मुलांची चूक आहे असे आम्हाला वाटत नाही. त्यांच्या घरात माठ असतो आणि माठ खरोखरच पाझरतो. दोन्ही भांडी बाहेरून ओली होतात, मग एकाला पाझरणे म्हणायचे आणि दुसऱ्याला सांद्रीभवन, हे मुलांनी कसे ओळखावे? पुस्तकात ही दोन भांडी एकमेकांशेजारी ठेवलेली नसतात. कसब्यात मात्र ती शेजारीच आहेत. एका बाजूला कुंभारवाडा, दुसऱ्या बाजूला तांबट आळी, जिथे अजून तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडताना ऐकू येते. तेव्हा पहिल्या स्लाइडवर दोनच फोटो ठेवायचे ठरले, ओला माठ आणि घामेजलेला तांब्याचा पेला. खाली एकच ओळ:

“बाहेरचं पाणी कुठून आलं?”

उत्तर द्यायचे नाही. हात वर करायला सांगायचे: आतून पाझरले म्हणणारे किती, हवेतून आले म्हणणारे किती. आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून तसेच राहू द्यायचे.

आता याचा निवाडा कसा करायचा? बाजींच्या मनात सरबताची युक्ती होती. रमजानमध्ये दस्तरख्वानावर गुलाबी सरबताचे पेले असतात. पेल्याबाहेरचे थेंब गुलाबी नसतात आणि गोडही नसतात. पाझरले असते तर गुलाबीच असते. युक्ती चांगलीच आहे आणि घरी करायला उत्तम, पण ती थेंब आतले नाहीत एवढेच सांगते. हवेतून काहीतरी येऊन पेल्यावर बसले, हे ती दाखवत नाही. ते दाखवायला काटा लागतो.

दुसरी स्लाइड म्हणजे रिकामा तक्ता. डावीकडे पेला, उजवीकडे माठ. वर ‘सुरुवातीचं वजन’, खाली ‘नंतरचं वजन’. चार चौकोन वर्गात, मुलांच्या डोळ्यांदेखत भरायचे. आम्ही त्याच वेळी बाजींच्या ओट्यावर हा प्रयोग करून पाहिला. केक करताना वापरतात तो एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा होता. तांब्याच्या पेल्यात बर्फाचे पाणी घातले, वर छोटी ताटली झाकण म्हणून ठेवली आणि खाली बशी. बशीसकट वजन भरले ५१८ ग्रॅम. अर्ध्या तासाने ५२० ग्रॅम. मग पेला आणि बशी कोरड्या फडक्याने नीट पुसून पुन्हा ठेवले: ५१८.

दोन ग्रॅम म्हणजे फार नव्हे, पण ते कुठून आले याला दुसरे उत्तरच नाही. पाणी आतून बाहेर आले असते तर एकूण वजन बदलले नसते. बाहेरून काहीतरी आले, पेल्यावर बसले, आणि पुसले तेव्हा गेले. बाजींची अम्मी बाजूला तांदूळ निवडत होत्या. त्या काट्याकडे बघून म्हणाल्या, “म्हणजे हवा पाणी देते?” या स्लाइडचे शीर्षक आम्ही तेच ठेवले.

माठाचे उलटे. दोन लिटर पाणी भरलेला छोटा माठ ताटात ठेवून ताटासकट वजन केले: ३०४६ ग्रॅम. तासाने ३०४१. म्हणजे तोही बाहेरून ओला, पण हलका झाला. पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून बाहेर आले आणि तिथून हवेत गेले. मग पंखा लावला. पुढच्या तासात वजन ३०२९ वर आले. आधी पाच ग्रॅम गेले होते, आता बारा. कुठेही उकळी नाही, आच नाही, सूर्यसुद्धा ढगाआड. बाष्पीभवनाला पाणी तापवावे लागते ही दुसरी चुकीची समजूत इथे आपोआप गळून पडते. वजू करून पंख्याखाली बसल्यावर हात गार लागतात, ते याच कारणाने. पाणी वाफ होऊन जाताना आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते तेही तसेच.

आता यात काय बिघडू शकते ते सांगतो, कारण वर्गात चाळीस डोळे बघत असताना प्रयोग फसला तर मुले शिक्षकाचे नव्हे, फसलेल्या प्रयोगाचे ऐकतात.

काट्याचे एक गुपित आहे. पेला काट्यावर ठेवून बटण दाबून आकडा शून्यावर आणू नये. शून्यापाशी हळूहळू वाढणारे वजन काही स्वस्त काटे स्वतःच पुसून टाकतात. घाम डोळ्यांना दिसतो आणि आकडा शून्यच राहतो. पूर्ण वजन लिहून घ्यावे, पेला उचलून बाजूला ठेवावा, आणि वेळ झाल्यावर पुन्हा ठेवून वजन करावे. ओळखीच्या सराफाकडून ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा काटा मिळाला तर उत्तमच. मग दहा मिनिटांतही फरक दिसतो. झाकण विसरू नये, नाहीतर वरून हवेशी होणारी देवघेव हिशेबात मिसळते. बशीही हवीच, कारण थेंब ओघळून टेबलावर गेले तर ते वजनातून निसटतात.

माठ नवा असेल तर आदल्या दिवशीच भरून ठेवावा. कोरडी माती आधी स्वतः पाणी पिते आणि तोपर्यंत बाहेरची बाजू ओली होत नाही. रंग दिलेला किंवा आतून चकाकी असलेला शोभेचा माठ घेऊ नये; त्याची छिद्रे बुजलेली असतात.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ऋतू. पुण्याच्या जुलैच्या हवेत ओलावा भरपूर असतो. बावीस अंशांखालच्या जवळजवळ कुठल्याही भांड्यावर थेंब जमतात, पेला बर्फाशिवायही घामेजतो. माठ मात्र कुरकुरत पाणी देतो. एप्रिलमध्ये उलट होते. हवा इतकी कोरडी असते की नुसत्या गार पाण्याचा पेला कोरडाच राहतो, आणि बर्फ घातला तरी घाम थोडाच येतो. त्याच माठाचे वजन तासाला वीस-पंचवीस ग्रॅमने उतरू शकते आणि आतले पाणी बाहेरच्या हवेपेक्षा दहा-बारा अंशांनी गार मिळते. ज्या शिक्षकांनी मार्चमध्ये पेल्याचा प्रयोग करून “होत नाही” म्हणून सोडला, त्यांची चूक हातात नव्हती, महिन्यात होती. बाजींनी ठरवले की पेला आता करायचा आणि माठ आता एकदा, एप्रिलमध्ये पुन्हा एकदा. तक्त्यात तिसरा रकाना आत्ताच आखून ठेवला आहे.

तिसरी स्लाइड ढगाची. जुन्या मालिकेत ढगावर ‘वाफ’ असे लिहिले होते. ते पुसले. वाफ दिसत नाही. चहाच्या किटलीच्या चोचीपाशी नीट पाहिले तर तोंडाला लागून बोटभर जागा मोकळी दिसते, आणि त्यापुढे पांढरे लोट सुरू होतात. त्या मोकळ्या जागेत वाफ आहे. पांढरे दिसतात ते पाण्याचे बारीक थेंब. ढगही तसाच, थेंबांचा. (किटलीचा फोटो पुरे. वर्गात उकळते पाणी आणू नका. त्या न दिसणाऱ्या वाफेनेच सगळ्यात जास्त भाजते.) ढगातला एक थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो, म्हणून तो तरंगत राहतो. पावसाचा थेंब दोन मिलिमीटरचा धरला तर त्यात असे दहा लाख थेंब मावतात. स्लाइडवर तेवढेच लिहिले: “ढग = वाफ नाही, थेंब. दहा लाख थेंब मिळून पावसाचा एक.” पेल्यावर थेंब बसायला तांब्याचा गार पत्रा होता, आकाशात ते काम धुळीचे, मिठाचे कण करतात. हे बाजी तोंडी सांगणार आहेत. स्लाइडवर सगळे लिहिले की मुले वाचत बसतात आणि ऐकत नाहीत.

इथपर्यंत चार वाजले. चहा झाला. आता त्या मुलीचा प्रश्न.

आम्ही महाराष्ट्राचा नकाशा उघडला. चौथी स्लाइड सह्याद्रीची आहे. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा घाटाच्या भिंतीला अडून वर चढते. वर हवेचा दाब कमी, म्हणून ती पसरते, आणि पसरताना गार होते. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना वाल्व्हपाशी बोट धरले तर ती गार लागते, तसे. दर किलोमीटर चढाला ही घसरण सहा ते दहा अंशांची असते. घाटमाथा म्हणजे जणू आपला गार पेला: ओलावा तिथे थेंब होतो आणि कोसळतो. मग हवा पुण्याच्या बाजूला उतरते, उतरताना पुन्हा तापते, उरलेले थेंब विरू लागतात. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि साठ-पासष्ट किलोमीटर अलीकडे पुण्यात सातशेच्या आसपास. स्लाइडवर डोंगराची कापलेली बाजू, एका अंगाला चार हजार, दुसऱ्या अंगाला सातशे. शब्द नाहीत. मुलांनीच विचारावे की असे का.

पाचव्या स्लाइडवर बाजींनी बोटाने पाण्याची वाट काढली, आम्ही नावे सांगत गेलो. घाटमाथ्याच्या पूर्व उतारावर पडलेला पाऊस मुठेच्या खोऱ्यात येतो. टेमघर, वरसगाव, पानशेत, मग खडकवासला. मुठा शहरात शिरते, कसब्याच्या कडेने जाते, थोरला आणि धाकटा शेख सल्ला हे दोन्ही दर्गे ज्या अंगाला आहेत तिथून पुढे संगमावर मुळेला मिळते. मुळा-मुठा पूर्वेला जाऊन भीमेला मिळते. भीमा पंढरपूरवरून कर्नाटकात, गुलबर्गा जिल्ह्यात जाते. बंदेनवाजांच्या उरुसाला आपल्यातले पुष्कळ जण गुलबर्ग्याला जातात. रेल्वेने जाताना लागणाऱ्या भीमेत आपल्या मुठेचेही पाणी असते. पुढे रायचूरजवळ ती कृष्णेला मिळते, आणि कृष्णा विजयवाड्यावरून आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात जाते.

म्हणजे ती मुलगी बरोबर होती. आपले पाणी ज्या समुद्रावरून येते त्या समुद्रात परत जातच नाही. पश्चिमेचा समुद्र पुण्यापासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर आहे. पाणी मात्र पाठ फिरवून हजार किलोमीटरहून जास्त चालते आणि दुसऱ्याच समुद्राला मिळते. घाटमाथ्याचा कणा ओलांडला की थेंबाचे नशीब बदलते. कण्याच्या अलीकडे पडला तर बंगालचा उपसागर, चार पावले पलीकडे पडला तर कोकणातून अरबी समुद्र.

“मग याला चक्र कसं म्हणायचं?” बाजींनीच विचारले. “मुली हे विचारणारच.”

हा प्रश्न आम्हालाही थोडा वेळ अडवून गेला. चक्र एका थेंबाचे नाही, साऱ्या पृथ्वीच्या हिशेबाचे आहे. मान्सूनचे वारे विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून निघतात, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळून वळतात आणि अरबी समुद्र ओलांडत ओलावा उचलत येतात. टेमघरला पडलेल्या सरीत कुठल्या कुठल्या पाण्याचा वाटा असेल! समुद्रांवरून जेवढी वाफ उठते तेवढा पाऊस समुद्रांवर पडत नाही. उरलेला जमिनीवर येतो आणि तेवढेच पाणी नद्या आणि भूजल समुद्राला परत करतात. कुठल्या समुद्रातून उचलले आणि कुठल्यात टाकले, याला बंधन नाही, आणि समुद्र तर सगळे एकमेकांना जोडलेलेच आहेत. सातवीतल्या मुलीला हे कळते. बाजींनी स्लाइडवर ‘चक्र’ हा शब्द इथे, पाचव्या पानावर पहिल्यांदा आणला, आणि गोल चित्राऐवजी भारताचा नकाशा ठेवला: पश्चिमेकडून आत येणारा एक जाड बाण, पूर्वेकडे जाणारी बारीक निळी रेघ, दोन्हींच्या मध्ये पुणे.

आता ती निळी रेघ बारीक का? हा सहाव्या स्लाइडचा विषय, आणि नेहमीच्या चित्रांत तो बहुधा नसतोच. २०१९ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’ या नियतकालिकात काही शास्त्रज्ञांनी जगभरातल्या साडेचारशेहून अधिक जलचक्र-आकृत्या तपासल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांपैकी फक्त १५ टक्के आकृत्यांत माणसाचा हात कुठे दाखवला होता. धरण नाही, कालवा नाही, शेत नाही, नळ नाही. डोंगर, नदी, समुद्र आणि एखादे हरीण. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याची आकृती जगभर शाळांतून वापरली जाते. त्यांनीही २०२२ मध्ये ती नव्याने काढली आणि तिच्यात शेती, शहरे, धरणे घातली.

पुण्याच्या मुलांना हरणाची गरज नाही. त्यांच्या पाण्याला धरणांशिवाय वाटच नाही. त्या चार धरणांत मिळून २९ टीएमसीच्या थोडे वर पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८३१ कोटी लिटर. गंमत अशी की, ज्याचे नाव रोज घेतले जाते त्या खडकवासल्यात दोन टीएमसीही मावत नाही. मोठा साठा मागे वरसगाव आणि पानशेतमध्ये आहे. खडकवासल्यातून पाणी दोन वाटांनी जाते. एक वाट शहराची: शुद्धीकरण केंद्र, टाकी, नळ, मोरी, गटार, मैलापाणी केंद्र आणि पुन्हा मुठा. इथे बाजींनी मुलींना विचारायचा प्रश्न लिहून ठेवला: सकाळी तांदूळ धुतलेले पाणी संध्याकाळी कुठे असेल?

दुसरी वाट कालव्याची, हवेली-दौंड-इंदापूरच्या शेतांकडे. उसाच्या फडात गेलेले पाणी मुळांतून वर चढते आणि पानांच्या छिद्रांतून वाफ होऊन हवेत जाते. पुस्तकात याला बाष्पोत्सर्जन म्हणतात, आणि मुले तो शब्द पाठ करून विसरतात. इथे तो शब्द लक्षात राहील, कारण निळी रेघ बारीक होण्याचे ते एक मोठे कारण आहे: समुद्राकडे निघालेले पाणी वाटेतच पुन्हा हवेत गेले. माठाने जे केले तेच उसाने केले. पुढे भीमेवर उजनी, कृष्णेवर श्रीशैलम, नागार्जुनसागर. प्रत्येक धरण थोडे अडवते, प्रत्येक कालवा थोडे नेतो. कोरड्या वर्षांत कृष्णेचे फारच थोडे पाणी समुद्रापर्यंत पोहोचते.

आम्ही एक गोष्ट आणखी घालायला सांगितली. मुठेची बहीण मुळा. तिच्यावर मुळशीचे धरण आहे, ज्याच्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. त्या धरणाचे पाणी वीज करण्यासाठी बोगद्यांतून आणि नळांतून घाटाखाली भिऱ्याला सोडतात, आणि तिथून ते कुंडलिका नदीने अरबी समुद्रात जाते. निसर्गाने पूर्वेला पाठवलेले पाणी माणसाने पश्चिमेला वळवले. म्हणजे मुळेचे काही पाणी पुस्तकातल्या चित्रासारखे खरोखर आलेल्या समुद्रात परत जाते, पण ते माणसाने वळवले म्हणून. बाजी हसून म्हणाल्या, “हे सांगितलं तर मुली माझ्यापेक्षा हुशार होतील.” तेच तर पाहिजे, आम्ही म्हटले.

भूजलाची स्लाइड करायची की नाही यावर आमचे एकमत झाले नाही. जुन्या मालिकेत जमिनीखाली एक निळे तळे काढले होते. ते चूक आहे. पुण्याखाली काळा पाषाण आहे, आणि पाणी त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात राहते. म्हणूनच एका वाड्याची विहीर मेमध्ये आटते आणि शेजारच्या वाड्याची टिकते, भेग लागली की नाही यावर सगळे असते. आमचे मत होते की हे वेगळ्या तासाला ठेवावे. चाळीस मिनिटांत दोन वजने आणि दोन समुद्र एवढे पुरे. बाजींनी निळे तळे पुसून तिथे भेगांचा एक फोटो ठेवला आणि म्हणाल्या, वेळ उरला तर. आमच्या अनुभवात वेळ उरत नाही, पण तास त्यांचा आहे.

शेवटच्या स्लाइडवर चित्र नाही. चार विधाने आहेत. मुलींनी कागदावर ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ आणि एक कारण लिहायचे: ढग वाफेचा असतो. पाणी उकळल्याशिवाय त्याची वाफ होत नाही. पेल्याबाहेरचं पाणी पेल्यातलं असतं. मुठेचं पाणी अरबी समुद्रात जातं. चारही चूक आहेत, आणि सलग चारदा ‘चूक’ लिहायला मुले घाबरतात, असे बाजींचे म्हणणे. म्हणून पाचवे बरोबर विधान घातले: माठ ओला असताना हलका होत जातो. कारण लिहिल्याशिवाय गुण नाही, कारण नुसते बरोबर-चूक निम्मी मुले अंदाजाने लिहून जातात आणि काय कळले ते कळत नाही. मग तास सुरू होताना फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेले आकडे काढायचे आणि पुन्हा हात वर करायला सांगायचे.

आम्ही निघालो तेव्हा पाऊस थांबला होता. जिना उतरताना बाजी वरून म्हणाल्या, “आपा, ती मुलगी आता आठवीत आहे. तिच्या वर्गशिक्षिकेशी बोलून पाचव्या स्लाइडपुरती तिला सातवीच्या वर्गात बोलावून घेणार आहे. नकाशावर बोट तीच फिरवेल.”